पान गेले, प्रश्न उरला

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण, पळसदेव मागे टाकून इंदापूरकडे जाऊ लागले की लोणी देवकर लागते. येथे औद्योगिक वसाहत झाल्यापासून उसाच्या आणि ज्वारीच्या रानांच्या कडेने भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या असून, कारखान्यात कामाला आलेली दूरदूरच्या जिल्ह्यांतील तरुण मुले त्यांत राहतात. दस्त लिहिण्याच्या कामात माझा बराच काळ गेला, त्यामुळे अशा मुलांपैकी कोणी ना कोणी आपला करारनामा घेऊन माझ्याकडे येत असतो. एका संध्याकाळी त्यांच्यापैकी एकाचा निरोप माझ्या फोनवर आला. त्यासोबत करारातील एका पानाचे छायाचित्र होते. पण मी चष्मा पुसून ते उघडीपर्यंत ते पान काढून टाकलेले होते आणि खाली केवळ एवढा मजकूर शिल्लक होता: ‘काका, ८ नंबरचे कलम वाचा. मी अकरा महिने व्हायच्या आत खोली सोडली तर लॉक-इनमुळे माझी अनामत जाईल का? मालक म्हणतात, एक महिन्याची नोटीस दिली तरी उपयोग नाही.’

पान का काढले, ते त्याने नंतर सांगितले. त्या पानाच्या खालच्या भागात त्याचा आधार क्रमांक, अंगठ्याचा ठसा आणि दोन साक्षीदारांचे पत्ते होते आणि ते असे पाठवणे बरे नव्हे, हे त्याला पाठवल्यानंतर उमगले. त्याने केले ते योग्यच केले. मात्र त्या रात्री तो दुसऱ्या पाळीवर होता, कराराची प्रत खोलीवर होती आणि मला हाताशी असलेल्या तीन वाक्यांवरच विचार करावा लागला. त्या विचारातून जे हाती आले ते सांगण्याजोगे आहे, कारण कलमाचा कागद समोर नसतानाही त्याची बरीचशी आकृती प्रश्नात उतरलेली असते. ती ओळखता आली तर काय निश्चित सांगता येते आणि काय सांगता येत नाही, याची सीमा आखता येते. ह्या लेखासाठी काही तपशील ओळखू येणार नाहीत इतपत बदलले आहेत. आकडेमोड मात्र जशी करावी लागते तशीच ठेवली आहे.

अशा प्रश्नात तीन निरनिराळ्या माणसांचे शब्द एकत्र मिसळलेले असतात आणि वाचणाऱ्याने प्रथम ते विलग करावे. एक शब्द कागदाचे, दुसरे मालकाचे आणि तिसरे प्रश्न विचारणाऱ्याच्या भीतीचे. ‘लॉक-इन’ हा शब्द वीस-बावीस वर्षांचा मुलगा स्वतःहून वापरीत नाही. तो छापील मसुद्यातून किंवा दलालाच्या तोंडून आलेला असतो, म्हणून असे कलम करारात आहे हे बहुधा गृहीत धरता येते. ‘एक महिन्याची नोटीस’ हे शब्दही कागदावरूनच आलेले दिसतात, कारण मुदत किती याचा उल्लेख नेमका आहे. परंतु ‘उपयोग नाही’ हा मालकाचा निष्कर्ष होय. तो कलमाचा मजकूर नव्हे. आणि ‘अनामत जाईल’ ही त्या मुलाची शंका आहे. अनामत जप्त करण्याची शर्त करारात लिहिलेली आहे की नाही, हे त्या वाक्यावरून मुळीच कळत नाही. राहता राहिले ‘अकरा महिने’, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाची गाठ तेथेच होती. अकरा महिने ही कराराची एकंदर मुदत आहे, की लॉक-इनचीही मुदत तीच आहे? मुलाने दोन्ही एकच समजून लिहिले होते. पण करारात ह्या दोन गोष्टी बहुधा दोन वेगळ्या कलमांत येतात आणि त्यांचे आकडे एकच असतील असे नाही.

अकरा महिन्यांचीच मुदत सर्वत्र का दिसते, याचा थोडा उलगडा येथे करतो, कारण त्यावाचून पुढचे समजणार नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०७ व्या कलमानुसार वर्षानुवर्षाचा किंवा एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो. ती नोंदणी आणि तिचा खर्च टाळण्यासाठी वर्षाला एक महिना कमी ठेवण्याची रीत देशभर पडली आणि ती पुढे इतकी रूढ झाली की कारण विसरले गेले व आकडा तेवढा उरला. महाराष्ट्रात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याच्या ५५ व्या कलमाने, तो अधिनियम ज्या क्षेत्रांना लागू आहे तेथे, अकरा महिन्यांच्या करारालाही लेखी व नोंदणीकृत असण्याची सक्ती केली. तरी मसुद्यांत अकराचा आकडा कायम राहिला. म्हणून करारात ‘११’ दिसला की तो मुदतीचा समजावा; लॉक-इनचा आकडा वेगळा शोधावा.

लॉक-इन म्हणजे काय, तेही सरळ सांगतो. करार अमुक मुदतीचा असला तरी मध्येच नोटीस देऊन तो संपवण्याची मुभा सामान्यतः दोघांनाही दिलेली असते. लॉक-इनचे कलम ती मुभा काही काळापुरती गोठवते. ते कधी दोघांना बांधते, कधी केवळ भाडेकऱ्याला. कधी सुरुवातीच्या काही महिन्यांपुरते असते, कधी संपूर्ण मुदतभर. आणि ते मोडल्यास काय घडेल, हे कधी उरलेल्या महिन्यांच्या भाड्याच्या रूपाने, कधी अनामत जप्तीच्या रूपाने लिहिलेले असते, तर कधी काहीच लिहिलेले नसते.

त्या मुलाचे आकडे मला ठाऊक होते: भाडे दरमहा ६,००० रुपये, अनामत २०,००० रुपये, खोलीचा ताबा १ जूनपासून, आणि नोव्हेंबर अखेरीस, म्हणजे सहा महिने पुरे करून, त्याला चाकणला नव्या नोकरीवर जायचे होते. हे आकडे घेऊन मी ८ व्या कलमाचे तीन संभाव्य मजकूर कागदावर मांडले. पहिला असा: लॉक-इन संपूर्ण अकरा महिन्यांचे असून मध्येच सोडणाऱ्याने उरलेल्या महिन्यांचे भाडे द्यावे. तसे असेल तर पाच महिन्यांचे ३०,००० रुपये होतात. मालक २०,००० ची अनामत वळती करून घेईल आणि आणखी १०,००० मागेल. दुसरा असा: मुदतीच्या आत सोडल्यास अनामत जप्त. मग २०,००० गेले, पुढे मागणी नाही. तिसरा असा: लॉक-इन केवळ पहिल्या सहा महिन्यांचे आणि त्यानंतर एक महिन्याची नोटीस. मग तो सहा महिने राहिलेलाच आहे. नोटीस वेळेवर दिली असेल तर वीजबिल वजा जाता सारी अनामत परत, आणि नोटीस चुकली असेल तर फार तर एका महिन्याचे ६,००० कमी.

एकाच प्रश्नाला तीन मजकुरांनुसार तीन उत्तरे निघाली, आणि त्यांत १०,००० रुपये देण्यापासून जवळजवळ २०,००० रुपये परत मिळण्यापर्यंतचे अंतर पडले. ज्याला पान न पाहता ‘हो, अनामत जाते’ किंवा ‘छे, मालकाला अनामत ठेवताच येत नाही’ असे ठामपणे सांगण्याची घाई होते, त्याने हे अंतर ध्यानात घ्यावे.

तथापि मजकूर कोणताही निघाला तरी टिकून राहील असेही काही सांगता येत होते, आणि ते मी त्याला त्याच रात्री कळवले. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या ७४ व्या कलमाप्रमाणे, करारभंगासाठी करारातच एखादी रक्कम ठरवून ठेवलेली असली तरी नुकसान सोसणाऱ्यास मिळते ती वाजवी भरपाई; कागदावरचा आकडा ही तिची कमाल मर्यादा असते, हमी नव्हे. आधीच भरलेली रक्कम जप्त करण्याच्या शर्तीलाही हे कलम लागू पडते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास ह्या निवाड्यात सांगितले. तो व्यवहार घराच्या विक्रीचा होता. विक्रेत्याकडे आलेल्या २५,००० रुपयांपैकी इसाऱ्याचे १,००० रुपये ठेवून घेण्यास न्यायालयाने मान्यता दिली. उरलेले २४,००० मात्र केवळ करारात लिहिले आहे म्हणून जप्त करता येणार नाहीत, असे ठरवले. खोलीची अनामत ही तर इसाराही नव्हे. ती परत देण्याच्या बोलीने घेतलेली सुरक्षा रक्कम असते.

हे आमच्या उदाहरणाला लावून पाहू. समजा, मजकूर पहिला किंवा दुसरा निघाला आणि मुलगा ३० नोव्हेंबरला गेला. वसाहतीजवळच्या खोल्या फार दिवस रिकाम्या राहत नाहीत. समजा, डिसेंबर रिकामा जाऊन १ जानेवारीला त्याच भाड्याने दुसरा भाडेकरू आला आणि नवा माणूस आणण्यासाठी दलालाला १,५०० रुपये द्यावे लागले. मग मालकाचे खरे नुकसान ६,००० अधिक १,५००, म्हणजे ७,५०० रुपयांचे झाले, आणि २०,००० तून ते वजा जाता १२,५०० रुपये परत मागण्याची बाजू मुलापाशी उभी राहते. येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्या व्यवहारात नुकसान मोजणेच दुर्घट असते आणि ठरवलेला आकडा हा प्रामाणिक पूर्वअंदाज दिसतो, तेथे न्यायालय तोच आकडा मान्य करू शकते. परंतु रिकाम्या खोलीचे नुकसान महिन्यांत आणि रुपयांत सहज मोजता येते, म्हणून असा बचाव तेथे दुबळा पडतो. आणि दुसरी मर्यादा व्यवहारातली आहे: अनामत मालकाच्या हाती असते, आणि १२,५०० रुपयांसाठी दावा लावणे हे दरमहा सहा हजारांच्या खोलीत राहणाऱ्याला सहसा परवडत नाही. म्हणून कलम आधीच नीट वाचून घेणे हेच त्याच्या पदरात अधिक टाकते.

आता पान परत कसे मिळवावे याविषयी. करार नोंदणीकृत असेल तर तो हरवत नाही. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या ५७ व्या कलमानुसार स्थावर मालमत्तेसंबंधीच्या दस्तांची नक्कल विहित शुल्क भरून कोणालाही मागता येते. त्यासाठी दस्त क्रमांक, वर्ष आणि नोंदणी कोणत्या दुय्यम निबंधक कार्यालयात झाली एवढे ठाऊक असावे लागते. येथे पुष्कळांची एक चूक होते. ते ‘इंडेक्स टू’, म्हणजे सूची क्रमांक दोन, काढून आणतात आणि करार मिळाला असे समजतात. त्या एका पानावर दस्ताचा प्रकार, भाडे, अनामत, मिळकतीचे वर्णन, उभय पक्षांची नावे, तारखा व भरलेले मुद्रांक शुल्क एवढेच असते; कलमे त्यावर नसतात. लॉक-इनचा वाद सूची क्रमांक दोनवरून सुटत नाही. त्यासाठी संपूर्ण दस्ताची नक्कलच हवी. आणि करार नोंदणीकृत नसून केवळ मुद्रांकावर लिहून नोटरीसमोर सही केलेला असेल, तर नोटरीच्या रजिस्टरात नोंद सापडते, संपूर्ण मजकूर नव्हे. मग मालकाकडील किंवा दलालाकडील प्रत हाच आधार उरतो.

नोंदणीच झालेली नसेल तर काय, ह्या प्रश्नाला भाडे नियंत्रण अधिनियमाच्या ५५ व्या कलमात एक विलक्षण उत्तर आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी तेथे मालकावर टाकलेली आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या शर्तींवर दिली होती याविषयी भाडेकऱ्याचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणी न करणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. म्हणजे कागदच जेथे नाही तेथे कायद्याने पारडे भाडेकऱ्याच्या बाजूस झुकवलेले आहे. मात्र हा अधिनियम त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या, आधीचे भाडे-कायदे जेथे लागू होते अशा आणि शासनाने अधिसूचनेने जोडलेल्या क्षेत्रांपुरता आहे. प्रत्येक वाडीवस्तीला तो आपोआप लागू होत नाही. म्हणून खेड्यातील खोलीच्या बाबतीत ५५ व्या कलमावर भिस्त ठेवण्यापूर्वी त्या गावाची स्थिती वकिलाकडून पाहून घ्यावी. करार अधिनियमाचे ७४ वे कलम मात्र इंदापूर शहरात, लोणी देवकरात आणि मुंबईत सारखेच चालते, आणि म्हणूनच त्या रात्री मी त्याचाच आधार घेतला.

तेवढे कळवून मी त्या मुलाला सांगितले की पानाचे छायाचित्र पुन्हा पाठवू नकोस. खोलीवर गेल्यावर कागद समोर ठेव आणि तीन गोष्टी हाताने लिहून धाड. कलमाचे पहिले शब्द, कारण बंधन कोणावर आहे ते तेथे कळते: ‘लायसन्सी’ असे आहे, की ‘उभय पक्ष’ असे. दुसरी गोष्ट, लॉक-इन ह्या शब्दाच्या अलीकडे-पलीकडे जो आकडा असेल तो, अक्षरांत लिहिलेला आणि अंकांत लिहिलेला असा दोन्ही प्रकारे. तिसरी, ‘परंतु’, ‘तथापि’ किंवा ‘तदनंतर’ अशा शब्दाने सुरू होणारे शेवटचे वाक्य, आणि कलम पानाच्या तळाशी तुटले असेल तर पुढच्या पानावरची त्याची पहिली ओळ. छायाचित्र मिळाले असते तरी ही पुढच्या पानावरची ओळ मला दिसली नसती, हे मुद्दाम नोंदवतो. एकट्या पानाने संपूर्ण कलम मिळते असे नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने लिहून पाठवले. कलम असे होते: ‘उभय पक्षांस सुरुवातीचे सहा (६) महिने लॉक-इन कालावधी म्हणून बंधनकारक राहील. तदनंतर कोणत्याही पक्षास एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन सदर करार संपुष्टात आणता येईल.’ अनामत जप्तीचा शब्दही त्यात नव्हता. तिसरा मजकूर खरा ठरला. मालकांनी लबाडी केली असे मला वाटत नाही. मुदतीच्या कलमातले अकरा महिने आणि लॉक-इनचे सहा महिने त्यांच्याही मनात एकमेकांत मिसळलेले होते. मुलाने प्रश्न लिहिताना तीच मिसळ उचलली होती.

परंतु पान हाती आल्यावरही एक शब्द उरला, आणि त्या शब्दाची किंमत ६,००० रुपये होती. ‘तदनंतर’ हा शब्द नोटीस देण्याला लागतो की करार संपण्याला? करार सहा महिन्यांनंतर संपवता येईल एवढाच अर्थ घेतला तर १ नोव्हेंबरपूर्वी दिलेली नोटीस ३० नोव्हेंबरला पुरी झाली असती. उलट नोटीसच सहा महिन्यांनंतर द्यायची असा अर्थ घेतला तर ती १ डिसेंबरला देता येईल आणि खोली ३१ डिसेंबरपर्यंत ठेवावी लागेल. वाक्याची रचना पाहता ‘तदनंतर’ नंतर प्रथम ‘पूर्वसूचना देऊन’ हेच शब्द येतात, त्यामुळे दुसरा अर्थ अधिक स्वाभाविक वाटतो. संदिग्ध मजकुराचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा असा एक संकेत आहे खरा. पण जेथे सरळ वाचनाने अर्थ लागतो तेथे त्या संकेताला जागा उरत नाही. शिवाय तो नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. नोटीस अद्याप दिलेलीच नव्हती, तेव्हा पहिला अर्थ घेतला असता तरी डिसेंबरचा बराचसा भाग भरावाच लागला असता. मी त्याला दुसऱ्या अर्थाप्रमाणे वागण्याचा सल्ला दिला, म्हणजे मालकाला हरकत घेण्यास काही उरू नये.

त्याने १ डिसेंबरला दोन प्रतींत नोटीस लिहिली आणि एका प्रतीवर मालकांची ‘पोहोचली’ अशी सही व तारीख घेतली. मालकांनी ८ वे कलम त्याच्यासमोर वाचले, दोनदा वाचले आणि मग काही बोलले नाहीत. ३१ तारखेस खोली झाडून, मीटरचे वाचन दोघांनी मिळून लिहून, किल्ली परत देताना त्याने ताबा दिल्याची पावती करून घेतली. वीजबिलाचे ६४० रुपये वजा करून १९,३६० रुपये त्याच्या खात्यात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जमा झाले.